रिकाम्या मुठीचा कातळ

दाभोशाच्या धबधब्याखाली डोह आहे. उन्हाळ्यात पाणी निवळलं की गावचे गडी त्यात बुड्या मारत. कुणाची मासळीची जाळी अडकलेली असे, कुणाचा हंडा गेलेला असे, तर कुणाला नुसतीच खाज. पण बुडी मारून वर आलेल्या माणसाला हात वर करून मूठ उघडावी लागे. मुठीत वाळू असली तर वाळूचा तळ, चिखल असला तर चिखलाचा. मूठ रिकामी असली तर काठावरची माणसं आरोळी ठोकत, कारण रिकामी मूठ म्हणजे कातळ. कातळातून माणूस काय उचलून आणणार? अर्ध्यातून परत फिरलेला लबाडही रिकामी मूठ दाखवू शकतो, हे कुणाच्या मनात येत नसे. अशी लबाडी करायचं तिथे कारणच नव्हतं. डोहाखाली कातळ होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

लाडक्या त्या डोहावर वाढला. त्याच्या मागचे दोन भाऊ, काळ्या आणि जिव्या, त्याच्याच हातून पोहायला शिकले. तिघांच्याही डोक्यात जमिनीबद्दल एक गोष्ट पक्की होती. वर माती, मग मुरूम, मग कातळ. भात लावताना नांगराच्या फाळाला कातळ लागे, घराची मेढ पुरताना कातळ लागे, माणूस पुरतानाही लागे. जव्हारच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला जमीन म्हणजे कातळावर टाकलेलं पातळ पांघरूण. कातळ नसलेली जमीन असू शकते, ही कल्पना त्यांना कुणी सांगितली असती तर ते हसले असते.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. संस्थानाचं सागाचं लाकूड गाड्यांतून खाली किनाऱ्याकडे जाई. पावसाळ्यात खालच्या मुलखातली नदी फुगे आणि चार महिने गाड्या अडत. म्हणून तिथे पूल बांधायचं ठरलं. नदी डोंगर सोडून जिथे आळसावते, पसरते, वळणं घेते, तिथे. ओव्हरसीर म्हणून वामनराव आले. घाटावरचे, पस्तिशीतले, कमी बोलणारे. पुलाचे मधले तीन खांब नदीच्या पात्रात उभे राहायचे होते आणि प्रत्येक खांबाखाली एक विहीर बुडवायची होती.

विहीर बुडवायची म्हणजे काय, हे लाडक्याला तिथे गेल्यावर कळलं. वाळूवर सागाचं जाड कडं ठेवायचं, त्याच्या खालच्या धारेला लोखंडी पट्टी. कड्यावर दगडी गोल भिंत चढवायची. आतली वाळू उपसत जायचं, की भिंत आपल्या वजनाने खाली उतरते. वरून आणखी भिंत चढवायची, आणखी उपसायचं. असं करत कडं घट्ट जमिनीला टेकलं की आत चुना आणि खडी भरून विहीर बंद करायची आणि तिच्या डोक्यावर खांब उभा करायचा. आत पाणी भरलेलं असे, म्हणून उपसायला बुडी मारणारे लागत. मुकादम मंगळूला दाभोशाचे तीन भाऊ ठाऊक होते. त्याने तिघांनाही आणलं. काळ्याची बायको नवशी टोपल्या वाहायला आली.

पहिली विहीर काठाजवळची. ती सुखाने खाली गेली आणि गोट्यांच्या घट्ट थरातून त्याखालच्या कातळावर टेकली. सगळ्यांना वाटलं, आता काय, दोनच राहिल्या.

दुसरी तशी वागेना. वरच्या वाळूतून भरभर उतरली आणि मग अडली. खाली पिवळी चिकण माती लागली होती, इतकी घट्ट की कडं तिच्यावर बसूनच राहिलं. भिंतीवर दगडांच्या राशी रचल्या तेव्हा कडं मातीत कसंबसं रुतलं. पण एक गंमत झाली. त्या मातीने पाणी अडवलं. मोटा लावून आतलं पाणी उपसलं तर विहीर कोरडी! बुड्या मारायचं काम संपलं. काळ्या शिडीने खाली उतरला, पायाला चिखल न लागता उभा राहिला आणि वर तोंड करून ओरडला, "वैनीला सांगा, भाकर इथंच पाठव! घर झालाय घर!"

वैनी हे नुसतं थट्टेचं, लाडक्याचं लग्न झालंच नव्हतं. जिव्या वरून म्हणाला, "घर झाला तर बाईल पण खाली ने की."

"तिला इथं कशाला? तितं वर तरी तिचा तोंड लांब असतो."

टोपली घेऊन उभी असलेली नवशी म्हणाली, "वर या, मग दाखवतां तोंड."

तेवढंच ते बोलणं. काळ्या पुन्हा खाली वाकून कुदळ मारायला लागला. मातीचा थर जसजसा पातळ होत गेला तसतशी ती पायाखाली मऊ वाटू लागली. त्याने ते सांगितलंही. "खालचा फुगतोय," तो म्हणाला. वर कुणालाच अर्थ लागला नाही. जमीन कशी फुगेल?

जमीन फुगली होती. त्या मातीखाली कातळ नव्हता, पुन्हा वाळूच होती, आणि तिच्यात बाहेरच्या नदीइतकं उंच चढू पाहणारं पाणी कोंडलेलं होतं. विहिरीतलं पाणी उपसल्यावर त्याला दाबून ठेवणारं उरली होती फक्त ती माती. ती फाटली. विहिरीच्या तळातून वाळू आणि पाणी एकदम उसळून वर आलं, आंबील उतू जावी तसं. काळ्या मांड्यांपर्यंत वाळूत रुतला, मग छातीपर्यंत, आणि त्याच्यावर पाणी चढलं. लाडक्याने दोर टाकला, स्वतः उडी मारली, काळ्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. झाड उपटायचा प्रयत्न करावा तसं होतं ते. काळ्याचे डोळे पाण्याखाली उघडे होते.

त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर कुठे ओरखडा नव्हता.

नंतर वामनरावांनी विहिरीतलं पाणी उपसायची मनाई केली. उलट बाहेरच्या नदीपेक्षा आतलं पाणी चार बोटं उंच राहील अशी काळजी घ्यायला लावली, म्हणजे वाळू दबून राहते. पाण्याखाली बुड्या मारत माती फोडली, वाळू काढली, पुन्हा मातीची एक पट्टी लागली, ती एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती, त्यामुळे विहीर कलली. उंच बाजूवर दगड रचून, त्याच बाजूचं खालून उपसून ती सरळ केली. शेवटी फार खोलवर कातळ लागला. लाडक्या रिकामी मूठ घेऊन वर आला. बोटांची टोकं सोलवटली होती. वामनरावांनी सुस्कारा टाकला. लाडक्याचे कान तेव्हापासून फुटले ते फुटलेच. सारखा पू येई.

"ही नदी एका जागी झोपणारी नव्हे," वामनराव एकदा मंगळूला म्हणाले. लाडक्या जवळ होता. "कुठे वाहिली तिथे वाळू टाकली. कुठे डबकं साचलं तिथे गाळ बसला, त्याची चिकण माती झाली. मग दुसरीकडे गेली, वरून पुन्हा वाळू. खाली सलग थर नाहीत. भाकऱ्या आहेत. मध्ये जाड, कडेला पातळ. कुठे भाकर संपते, वरून काय कळणार?"

"मग पहार टाकून बघायची," मंगळू म्हणाला.

"जिथे टाकशील तिथलंच कळेल. हातभर पलीकडलं नाही."

लाडक्याला ते ऐकू आलं आणि पटलंही. पण पटणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. त्याच्या अंगात दाभोशाचा कातळ होता.

काळ्याचं दिवसकार्य झाल्यावर घरच्यांनी ठरवलं की नवशीने जिव्याशी पाट लावावा. विधवेने धाकट्या दिराशी लग्न करायचा रिवाज होता. जिव्या लाजला आणि मग जास्त हसू लागला. भात घरात आल्यावर करू, असं ठरलं. लाडक्याच्या जिवात आता एकच गोष्ट उरली होती. या पोराला विहिरीखाली मातीत घालायचा नाही. त्याने तसं कुणाला बोलून दाखवलं नाही. पण तिसऱ्या विहिरीत पहिली बुडी तो मारी, शेवटची तो मारी, आणि मधल्या जिव्याच्या बुड्यांच्या वेळी दोर स्वतःच्या हातात धरून उभा राही.

तिसरी विहीरही वाळूतून उतरली आणि अडली. दुसरीत कातळ लागला होता त्याच्या निम्मी खोलीही झाली नव्हती. आभाळ भरून येऊ लागलं होतं. वामनरावांनी लांब पहार सोडली. ती खाली जाऊन खणकन वाजली. चारही बाजूंना वाजली.

"इतक्यात कातळ?" वामनराव स्वतःशीच म्हणाले. मग लाडक्याकडे वळले. "लाडक्या, ही चिकण माती आहे की कातळ, ते बघून ये. माती असेल तर फोडून खाली जावं लागेल. एक पाय कातळावर आणि एक पाय मातीवर ठेवून पूल उभा राहत नाही."

माती फोडायची म्हणजे पुन्हा तेच. पाण्याखाली काळोखात, फुटक्या कानाचा लाडक्या फार वेळ टिकत नव्हता. उरला जिव्या.

लाडक्याने बुडी मारली. खाली हाताला गार, सपाट, कठीण लागलं. त्याने बोटं रोवली. रुतली नाहीत. मध्येमध्ये खडे होते, चुन्याच्या गाठींसारखे, दगडाइतके कठीण. पहार त्यांच्यावर वाजली असणार. त्याने पुन्हा ओरबाडलं. मुठीत काही आलं नाही. छाती फुटायला आली तसा तो वर आला, हात वर केला आणि मूठ उघडली.

मूठ रिकामी होती.

"कातळ!" जिव्या ओरडला आणि काठावरची दाभोशाची माणसं सवयीने आरोळी ठोकून मोकळी झाली.

वामनराव जवळ आले. "खात्री? दुसरीत तर किती खाली लागला."

"रावसाहेब, कातळ काय सपाट असतो? आमच्या डोहात इथं गुडघ्यावर लागतो, दोन पावलांवर माणूस बुडतो."

ते खरं होतं. डोंगरातल्या कोणत्याही नदीबद्दल खरं होतं. वामनरावही घाटावरचे, त्यांनाही असा उंचसखल कातळ पाहायची सवय होती. ते पाण्याकडे बघत उभे राहिले. मग आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "चुना भरा."

लाडक्या काठावर बसला. अंग पुसताना त्याची नजर बोटांवर गेली. टोकं सोलवटली नव्हती. नखांमध्ये पिवळं भरलं होतं, पाचही नखांमध्ये बारीक पिवळी रेघ. बाजूच्या भिंतीला धरून उतरताना लागलं असेल, असं त्याला वाटलं. वाटलं, की वाटून घेतलं, हे त्याला नंतर कधी ठरवता आलं नाही. त्याने लंगोटीला बोटं पुसली. नखात अडकलेलं काडीने काढलं. समोर जिव्या नवशीच्या टोपलीतली वाळू लाथेने उडवत होता आणि ती त्याला शिव्या देत होती, आणि त्या शिव्या ऐकायला बऱ्या वाटत होत्या.

पाऊस आला तोवर तीनही खांब पाण्यावर डोकं काढून उभे होते.

त्या वर्षी नदीला मोठे पूर आले. पुराचं पाणी खांबावर आपटून खाली वळतं आणि खांबाच्या पायाशी वरच्या अंगाला वाळू उकरतं. पाणी ओसरलं की खड्डा पुन्हा वाळूने भरून येतो, म्हणून कुणाला दिसत नाही. पण पूर असतो तोवर तो असतो. दिवाळीनंतर लाडक्या आणि जिव्या कामावर परत आले तेव्हा तिसरा खांब कलला होता. पाण्याबरोबर खालच्या अंगाला नव्हे. वरच्या अंगाला, येणाऱ्या पाण्याकडे, कुणी वाकून नमस्कार करावा तसा.

"बुडी मारून बघ," वामनराव म्हणाले. त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा होता.

लाडक्याने खांबाच्या वरच्या अंगाला बुडी मारली. इथे खड्डा पुरता भरला नव्हता. कड्याखाली हात घातला तर तो कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. वर पिवळी माती जाणवली, एक वीत जाड, कडेला आणखी पातळ, भाकरीच्या कडेसारखी मोडलेली. तिच्याखाली थोडी वाळू, बाकी वाळूच्या जागी पाणी. खांब त्या मोडक्या भाकरीवर उभा होता. लाडक्याने वर येऊन मूठ उघडली. ओली वाळू बोटांतून गळून गेली. या वेळी कुणी ओरडलं नाही.

माणसं पांगल्यावर तो वामनरावांजवळ गेला.

"रावसाहेब, तो कातळ नव्हता."

"ते दिसतंय."

"तेव्हाच नव्हता. नखात पिवळा होता. मी पुसला."

वामनरावांनी कललेल्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी पहार पुन्हा ठोकायला हवी होती. ठोकली असती तर मातीतून गेली असती. पाऊस तोंडावर होता आणि मला तो आवाज कातळाचाच ऐकायचा होता." ते पाण्याकडे वळले. "तू सांगितलंस म्हणून काही बदलत नाही, लाडक्या. मी रागावलो तरी काही बदलणार नाही."

लाडक्याला वाटलं होतं ते रागावतील, हाकलतील, सात पिढ्यांचा उद्धार करतील. तसं झालं असतं तर त्याला जिव्याचा हात धरून निघून जाता आलं असतं.

दरबाराकडून हुकूम आला की खांब वाचवा. होडीतून दगड टाकले तर ते घरंगळून भलतीकडे जात. कड्याखालच्या पोकळीत वाळूची पोती आणि दगड हाताने बसवायला हवे होते. वामनरावांनी दोनदा लिहून कळवलं की खांब सोडून द्यावा, खालच्या अंगाला नवी विहीर बुडवावी. उत्तर तेच आलं.

लाडक्या म्हणाला, "मी जातां." दुसऱ्याच बुडीला त्याच्या कानातून रक्त आलं, आणि वर आल्यावर त्याला काठ कुठे आहे ते कळेना. तो होडीभोवती गोल फिरत राहिला. जिव्याने त्याला काखेत धरून वर घेतलं.

"म्हातारा झालास दादा. बस आता."

"नको जाऊ."

"मग कोण जाईल? मंगळू मुकादम? त्याची ढेरी कड्यात अडकंल."

"जिव्या, तितं खाली काय नाय. खांब कशावर उभा हाय ते तुला ठाऊक नाय."

"तुला हाय ना? मग झाला." तो हसला. "आज मी मूठ भरून आणतां, बघ."

नवशी काठावर होती. ती दुसरीकडे बघत होती, कारण काळ्याच्या वेळी तिने विहिरीकडे बघितलं होतं.

जिव्या पाच-सहा पोती बसवून आला. प्रत्येक वेळी वर येऊन दात दाखवी. मग पोतं घेऊन गेला आणि दोर हलला नाही. लाडक्याच्या हातात दोर होता. काही वाजलं नाही. फक्त खांबाच्या पायाशी पाणी गढूळ झालं, पिवळं, आणि वर बुडबुडे आले. खांब कुणी मांडी बदलून बसावं तसा जरासा खाली गेला, आणखी कलला आणि थांबला. लाडक्याने दोर ओढला. दोर ताठ होता. त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला आता सगळा पूल होता.

तीन गडी खाली गेले. कड्याखाली हात घालायलाही फट उरली नव्हती.

खांब मग हलला नाही. पुढच्या पावसातही नाही. पण कललेल्या खांबावर तुळया टाकता येईनात आणि पूल तसाच सोडला. वामनराव बदली होऊन गेले. जाताना ते लाडक्याला भेटायला आले होते, दोघे सांज होईतो नदीकाठी बसले. गाड्या पुढेही पावसाळ्यात अडत राहिल्या. नवशी वांगणीला माहेरी गेली. दोन दीर, दोन पाट आणि एकही घर नाही, असं तिथल्या बायका तिच्या पाठीमागे म्हणत, आणि ते बरोबर नसलं, जिव्याशी पाट लागलाच नव्हता, तरी कुणी दुरुस्त केलं नाही.

लाडक्या पुष्कळ वर्षं जगला. बहिरा झाला. उन्हाळ्यात तो मधूनच खालच्या मुलखात जाई. नदी आटून एका बाजूला सरकलेली असे आणि तिसरा खांब वाळूत वाकून उभा असे. त्याच्या पायाशी बसून लाडक्या हाताने वाळू उकरी. जितकी काढावी तितकी बाजूने घसरून येई. थोड्या वेळाने खड्ड्यात पाणी झिरपे. मग तो उठून परत फिरे.

एकदा दाभोशाच्या डोहात पारू नावाच्या बाईचा तांब्याचा हंडा पडला. गावात आता बुडी मारणारे दुसरे होते, पण ते मजुरीला गेलेले. म्हाताऱ्याला कुणीतरी हाताने खूण करून विचारलं. तो पाण्यात उतरला, सगळ्यांना वाटलं नुसतं तोंड धुवायला, आणि दिसेनासा झाला. हंडा मिळाला नाही. तो धापा टाकत वर आला तेव्हा काठावरची माणसं जुन्या सवयीने हात हलवून म्हणू लागली, मूठ दाखव, मूठ दाखव. त्याला ऐकू येत नव्हतं, पण काय म्हणतात ते कळत होतं.

त्याने हात पाण्याखालीच ठेवला. काठाशी येऊन, पाठ फिरवून, आधी स्वतःची नखं बघितली. नखं स्वच्छ होती आणि बोटांची टोकं सोलवटली होती. खाली कातळच होता, पहिल्यापासून होता.

तरी त्याने मूठ उघडली नाही. मिटलेली मूठ छातीशी धरून तो चढण चढून घरी गेला.